पोळीभाजी केंद्र बंद केलं, हिशोब मांडतेय

सुमेधा_डोंबिवली

३१ ऑगस्टला शटर ओढलं ते शेवटचं. इथे बऱ्याच जणांनी सुरू करताना शुभेच्छा दिल्या होत्या, म्हणून बंद केल्याचंही इथेच सांगते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू केलं. मुद्राचं चार लाखांचं कर्ज आणि घरचे दोन लाख. त्यातले दीड लाख जागेच्या डिपॉझिटला गेले. उरलेल्यात भट्टी, फ्रिज, कणिक मळायचं मशीन, काउंटर आणि बोर्ड. बावीस महिने पहाटे साडेचारला उठले. दुकानात माणसं असायची हो. लोक म्हणायचे, तुमचं बरं चाललंय. आणि महिनाअखेरीला मीच गल्ल्यात घरचे पैसे घालायची.

महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं २४,०००, लाइटबिल साधारण ६,५००, भाजीच्या मावशींना १५,०००, वरकामाच्या मुलीला १२,००० आणि बँकेचा हप्ता ८,८००. सगळे मिळून ६६,३००. पोळ्या लाटणाऱ्या दोघींना नगावर पैसे, ते यात धरले नाहीत. माझा पगार शून्य.

सल्ला मागत नाहीये. कुठेतरी खरं लिहून ठेवावंसं वाटलं, एवढंच.

वैभव_के

ताई, हरलात असं म्हणू नका, शिकलात असं म्हणा! आज एक दार बंद झालं तर उद्या दहा उघडतील. मोठमोठे उद्योगपती सुरुवातीला आपटलेले आहेत. पुढच्या भरारीसाठी शुभेच्छा! 💪💪

सुमेधा_डोंबिवली

धन्यवाद वैभव. पण खरं सांगू? शिकले ते एवढंच, की रात्री दहाला उरलेल्या फ्लॉवरचं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. उद्योगपतींना असा फ्लॉवर उरत नसावा.

बाबा_बदलापूरकर

केंद्र विकायला काढलंय का? भाडं २४ म्हणजे जागा बरी असणार. माझा भाचा अशाच जागेच्या शोधात आहे. कणिक मळायचं मशीन किती किलोचं?

सुमेधा_डोंबिवली

विकायला नाही काढलं काका, बंद केलं. जागा मालकाला परत दिली. मशीन पाच किलोचं आहे आणि सध्या आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी.

गोदाकाठ

ऑनलाइन का नाही टाकलंत? आता सगळं ॲपवर चालतं. माझ्या ओळखीत एक जण फक्त ॲपवर बिर्याणी विकतो, दुकान नाही की काउंटर नाही, मस्त चाललंय त्याचं.

सुमेधा_डोंबिवली

टाकलं होतं, पाच महिने. चार पोळ्या, एक भाजी आणि आमटी, मिळून १५० रुपये. ॲपवर वर दिसायचं तर वीस टक्के सूट आपल्या खिशातून, म्हणजे राहिले १२०. त्यावर त्यांचं कमिशन आणि कमिशनवरचा जीएसटी मिळून ३४ गेले. राहिले ८६. डबे-पिशवीचे ८. माल, गॅस आणि लाटणावळ ७५. हातात किती? तीन रुपये. आणि पोळी पाऊण तास पिशवीत घाम धरून चामट झाली की खाली शेरा कोणाच्या नावाने? माझ्या.

बिर्याणीची गोष्ट वेगळी. ती रोज घरी कोणी करत नाही, म्हणून तिला दर मिळतो. पोळीचा दर डोंबिवलीत प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

सांगलीचा_सदा

ताई, माझा टेम्पो होता. दूध आणि भाजीपाला. २०१९ ला विकला. तुमच्यासारखा हिशोब मला मांडताच आला नाही, कारण डिझेल एका वहीत, टायर दुसऱ्या वहीत आणि उधारी माझ्या डोक्यात. टेम्पो गेल्यावर एक गोष्ट फार टोचली. ज्यांच्याकडे रोज चहा व्हायचा ते दिसले की रस्ता बदलायचे. त्यांना वाटायचं हा आता पैसे मागणार. मला तर फक्त चहा हवा होता. असो, तुमच्या धाग्यावर माझंच पुराण लावलं. पण दुकान गेल्यावर पहिले दोन-तीन महिने सकाळी उठून काय करायचं तेच कळत नाही, तेवढं सांभाळा. मी रोज पहाटे उठून उगाच अंगण झाडायचो.

मंजिरी_ठाणे

सुमे, फोनवर रडत बसले असते, म्हणून लिहिते. शिवाय तू आकडे दिलेत, त्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावं.

आधी माझी चूक. जानेवारीत मी रात्री पावणेदहाला दुकानात आले होते. काउंटरमागे स्टीलचे तीन डबे होते, फ्लॉवर-बटाटा, मटकी आणि भरली वांगी. तू डब्यांकडे बघत होतीस आणि मी म्हणाले, “अगं, किती छान चाललंय!” उरलेली भाजी मला दिसली होती. दिवसभर दुसऱ्यांची अकाउंट्स लिहिणारी बाई मी, मला कळायला हवं होतं आणि कळलंही होतं. तुझं तोंड उतरेल म्हणून बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर कदाचित सात महिने आधी थांबली असतीस. कदाचित माझ्याशी भांडलीही असतीस. पण मी बोलले नाही हे खरं आहे.

आता तुझा हिशोब. तू मला दिवाळीत सांगितलेले आकडे घेते. रोज सरासरी २५० पोळ्या, एका पोळीमागे सगळं वजा जाता पाच रुपये, म्हणजे १,२५०. भाजीच्या ४० प्लेट, एका प्लेटमागे ३२, म्हणजे १,२८०. दिवसाचे झाले २,५३०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६५,७८०. तुझा ठरलेला खर्च ६६,३००. म्हणजे एक चमचासुद्धा भाजी वाया गेली नसती, तरी तू महिन्याला पाचशे रुपये तोट्यातच होतीस. त्यात रोज सहा-सात प्लेट भाजी उरायची, त्याचे महिन्याला सहा हजार. तोटा साडेसहा हजारांचा. आणि अठरा तास उभी राहणारी तू फुकट.

हे एवढं का लिहिलं सांगते. मी तुला चौथीपासून ओळखते. तू रात्री पडल्या पडल्या म्हणत असशील, अजून थोडा जोर लावला असता तर. नाही, सुमे. पगार म्हणून वीस हजार घरी न्यायचे असते तर रोज हजार रुपये जास्त सुटायला हवे होते. म्हणजे आणखी दोनशे पोळ्या. आणखी एक लाटणारी, आणखी एक शेगडी, आणि मुख्य म्हणजे त्या दोनशे पोळ्या घेणारी माणसं. ती माणसं त्या गल्लीत नव्हती. गाडीतून उतरलेला माणूस स्टेशनजवळच्या केंद्रातून पोळ्या घेतो, शेअर रिक्षात बसतो आणि तुझ्या दुकानासमोरून पिशवी मांडीवर घेऊन जातो. रिक्षा तिथे थांबत नाही. तुझं गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या सोसायट्या, आणि त्यांच्याकडे पोळ्यांना बाई येते. बाई आली नाही त्या दिवशी तुझ्याकडे रांग. तीच रांग बघून आपण सगळे म्हणायचो, छान चाललंय.

तुझं काहीच चुकलं नाही असंही मी म्हणणार नाही. जागा चुकली. दिवसा बघितलीस, संध्याकाळी साडेसातला तिथे अर्धा तास उभी राहून बघितली नाहीस. चार भाज्यांच्या ऐवजी दोन कर असं तुझ्या सासूबाई सांगत होत्या, तेव्हा तुला राग आला होता. त्या अर्ध्या बरोबर होत्या.

आणि जे चुकलं नाही ते. लाटणाऱ्या दोघींचे पैसे एकदाही थकवले नाहीस. गेल्या होळीला ३४० पुरणपोळ्या आगाऊ ऑर्डरवर केल्यास, नगामागे सतरा रुपये सुटले आणि एकही उरली नाही. आधी पैसे, मग पुरण. बावीस महिन्यांत खरा नफा तेवढ्या दोन दिवसांत होता. यावरून “मग पुरणपोळ्याच सुरू कर” असं मी म्हणत नाहीये. होळी वर्षातून एकदाच येते, आणि त्यानंतर तुझं मनगट आठवडाभर सुजलं होतं. पुरणपोळीवर घर चालत नाही. फक्त सगळंच बुडालं असं लिहू नकोस, हिशोब तसं म्हणत नाही.

शनिवारी दुपारी येते. वही, बँकेचे कागद आणि जागेचा करार काढून ठेव. आणि मशीन टीव्हीजवळून हलवू, मी धरेन एका बाजूने.

वैभव_के

मंजिरीताईंचं वाचलं. माझी वरची कमेंट जरा कॅलेंडरवरच्या सुविचारासारखी झाली. खरं म्हणजे काय लिहावं सुचलं नव्हतं आणि काहीच न लिहिणं बरं वाटेना. मीही डोंबिवलीतच राहतो. शनिवारी मशीन उचलायला दोन हात लागणार असतील तर सांगा.

सुमेधा_डोंबिवली

मंजू, तुझं वाचून आधी राग आला. मग वही काढली आणि परत बेरीज केली. पाचशे रुपयांवर माझंही उत्तर येतंय.

सासूबाईंचं मात्र एवढं सरळ नाही. दोन भाज्या केल्या असत्या तर कमी उरली असती, बरोबर. पण पावणेनऊच्या पुढे जो येतो तो दिवसभर दमून आलेला असतो. काउंटरवर दोनच भाज्या, त्यातली एक तळाला लागलेली दिसली की तो “बरं, बघतो” म्हणून निघतो आणि पोळ्याही घेत नाही. मी महिनाभर करून बघितलं. भाजीचं उरणं कमी झालं आणि पोळ्या चाळीसने घसरल्या. नऊ वाजता काउंटर भरलेलं दिसावं लागतं, आणि नऊला जे भरलेलं असतं तेच दहाला उरतं. त्यात पावसात गाड्या बंद पडल्या की संपलंच. लोक बाराला घरी पोचणार, आणि मी दोनशे पोळ्यांची कणिक भिजवून बसलेली.

निवृत्त_कॅशियर

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच कर्ज खात्यावर. सुमेधाताई, सल्ला नको म्हणालात, तरी एक विचारतो. आजपर्यंत हप्ता थकलाय का?

सुमेधा_डोंबिवली

नाही काका. बावीसच्या बावीस भरले. साधारण दोन लाख ऐंशी हजार बाकी आहेत. पुढचे कुठून भरायचे ते बघतेय.

गोदाकाठ

मुद्राला तारण नसतं. सरकारची हमी असते. धंदाच बंद झाला तर बँक काय जप्त करणार? थोडं थांबा, बँक स्वतःच सेटलमेंटला बोलावते आणि अर्ध्यात मिटवते. माझ्या मेव्हण्याचं असंच मिटलं.

निवृत्त_कॅशियर

गोदाकाठ, तारण नसतं इथपर्यंत बरोबर. त्यापुढे नाही. ती हमी बँकेसाठी आहे, कर्जदारासाठी नाही. बँकेला हमीतून काही मिळालं तरी ताईंचं देणं तसंच राहतं. दुकान एकटीच्या नावावर होतं, म्हणजे कर्ज दुकानाचं आणि ताईंचं असं वेगळं नसतं. शटर पडलं तरी सही ताईंचीच.

मेव्हण्यांचं मिटलं खरं, पण त्यांना सिबिल काढून बघायला सांगा. पूर्ण फेडलेलं कर्ज “क्लोज्ड” दिसतं आणि अर्ध्यात मिटवलेलं “सेटल्ड”. पुढे घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की समोरचा माणूस तो एक शब्द वाचतो आणि फाइल बाजूला ठेवतो. ज्याच्याकडे खरंच काही उरलं नाही त्याच्यासाठी सेटलमेंट ठीक आहे. बावीस हप्ते वेळेवर भरलेल्या बाईने तिथून सुरुवात करू नये.

ताई, तुमच्या हातात सध्या सर्वांत मोलाचं आहे ते म्हणजे न थकलेलं खातं. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत जातं आणि मग शाखेतल्या माणसाचेही हात बांधले जातात. त्याआधी, शक्यतो पुढचा हप्ता चुकण्याच्याही आधी, शाखेत जा. दुकान बंद केल्याचं सरळ सांगा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या असा लेखी अर्ज द्या. पोच घ्या. देतीलच असं नाही, शाखेवर आणि मॅनेजरवर अवलंबून आहे. पण आपणहून आलेला कर्जदार आणि शोधून काढावा लागलेला कर्जदार यांना टेबलापलीकडे वेगळी खुर्ची मिळते, हे मी स्वतः बघितलंय.

मंजिरी_ठाणे

काका, डिपॉझिट परत आलं की त्याचं काय करावं? मालक रंगाचे म्हणून अठरा हजार कापतोय. म्हणजे १,३२,००० येतील. मला वाटतं सगळे कर्जात भरून टाकावेत, व्याज तरी थांबेल.

निवृत्त_कॅशियर

मी तसं करणार नाही. सहा हप्त्यांचे साधारण ५३,००० बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका. सगळे भरून टाकलेत आणि दोन महिन्यांनी हप्त्याला पैसे नसले तर बँक म्हणणार नाही की तुम्ही मागे जास्त भरले होते. तेवढे ठेवून उरलेले भरायचे तर भरा.

आणि ते अठरा हजार. करारात रंगाचं कलम आहे का ते आधी वाचा. नसेल तर पावती मागा.

सांगलीचा_सदा

मी काकांच्या उलट केलं होतं. टेम्पो विकून आलेले सगळे पैसे फायनान्सवाल्याला दिले, एका दिवसात मोकळा झालो. पुढचं वर्ष उसनवारीत गेलं हे खरं. पण झोप लागायची. काका हिशोबाने बरोबर असतील, पण रात्रीचा हिशोब वेगळा असतो.

निवृत्त_कॅशियर

सदाभाऊ, याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुमेधा_डोंबिवली

डिपॉझिट हातात आलेलं नाही अजून. आलं की आधी भाजीच्या मावशींना एक महिन्याचा पगार जास्तीचा देणार आहे. त्यांना दुसरं काम लागलेलं नाही. ते कोणत्याच हिशोबात बसत नाही, मला माहीत आहे, मंजू. त्यावर काही लिहू नकोस.

मंजिरी_ठाणे

नाही लिहीत.

खारी_बिस्किट

मी इथे फक्त वाचायला असते. ताई, तुमच्या दुकानातून मी पोळ्या न्यायचे, पांढरा कुत्रा घेऊन यायचे ती. माझी आई आजारी होती तेव्हा तीन आठवडे रोज मऊ पोळ्या वेगळ्या बांधून द्यायचात, न सांगता. बंद झालेलं बघून आत यावं असं वाटलं होतं, पण काय बोलायचं कळेना आणि पुढे गेले. तुम्ही आता डबे करणार का? मला एक हवाय, पण माझ्या एका डब्यासाठी तुम्ही सुरू करावं असं नाही.

सुमेधा_डोंबिवली

मोतीची आई ना तुम्ही? आई कशा आहेत आता?

डब्यांचं अजून ठरवलेलं नाही. घरून केले तर भाडं वाचतं, पण घर घर राहत नाही, हे सुरुवातीच्या सहा महिन्यांत बघून झालंय. एका शाळेच्या कँटीनमध्ये पगारी कामाचं विचारलंय त्यांनी, सोमवारी जाऊन येते. दुसऱ्याच्या भट्टीवर उभं राहायला जमेल का ते तिथे गेल्यावर कळेल.

बाबा_बदलापूरकर

सगळं वाचलं. फार वाईट वाटलं. तरी मशीनचं विचारतोच, राग मानू नका. पाच किलोचं भाच्याला चालेल. काय द्यायचे?

निवृत्त_कॅशियर

थांबा थांबा. सुमेधाताई, मशीन कर्जातून घेतलं होतं का? तसं असेल तर ते बँकेकडे नजरगहाण असणार. तारण नाही म्हणजे घर-सोनं नाही, पण कर्जातून घेतलेल्या वस्तूंवर बँकेचा हक्क असतो. विकायच्या आधी शाखेत लेखी कळवा आणि आलेले पैसे कर्ज खात्यातच भरा. अर्ज द्यायला जाणारच आहात, त्याच फेरीत होईल.

सुमेधा_डोंबिवली

कर्जातूनच घेतलंय काका. बरं झालं सांगितलंत.

बदलापूरकर काका, राग कसला. बँकेचं कळलं की सांगते. त्याआधी भाच्याला एकदा बघायला पाठवा, मोटर चांगली आहे पण भांड्याच्या कडेला पोचा आहे, तो बघून घेऊ दे. आणि त्याला म्हणावं, जागा संध्याकाळी साडेसातला बघ.

बाबा_बदलापूरकर

शनिवारी पाठवतो. तिघं असालच, मशीन हलवायला चौथा होईल.